टर्ट-ब्युटॉक्साइड वापरूनही झायत्सेव्ह प्रॉडक्टच का आलं?

प्रश्न: सर, मी कोल्हापुरात एम.एस्सी. ऑरगॅनिक करतोय. २-ब्रोमो-२-मिथाइलब्युटेनवर सोडियम इथॉक्साइड घालून एलिमिनेशन केलं, तेव्हा २-मिथाइल-२-ब्युटीन आणि २-मिथाइल-१-ब्युटीन ७०:३० आले. मग मोठा बेस म्हणून पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड घेतला. थंडीमुळे टर्ट-ब्युटेनॉलची बाटली गोठली होती, म्हणून सॉल्व्हंट कोरडं इथेनॉलच ठेवलं. एनएमआरवरून प्रमाण ६८:३२ निघालं, म्हणजे काहीच फरक नाही. पुस्तकात तर उलटं होतं असं लिहिलंय. बेस खराब होता का? आणि मोठा बेस बाहेरचा हायड्रोजन नेमका का निवडतो?

उत्तर:

बेस चांगलाच असणार. पण फ्लास्कमध्ये पडल्यावर तो टर्ट-ब्युटॉक्साइड राहिलाच नाही. तुम्ही दोन्ही वेळा इथॉक्साइडचीच रिअ‍ॅक्शन केलीत, एकदा सोडियमचं मीठ घेऊन आणि एकदा पोटॅशियमचं. ७०:३० आणि ६८:३२ हे आकडे इतके जवळ आले, त्याचं कारण हेच. उलट दोन्ही रन इतके जुळले म्हणजे तुमचा हात स्थिर आहे.

झालं काय ते बघू. इथेनॉल हे टर्ट-ब्युटेनॉलपेक्षा जास्त आम्लधर्मी आहे. इथेनॉलचा पीकेए साधारण १६, टर्ट-ब्युटेनॉलचा त्याहून दोनेक एककांनी जास्त. म्हणजे टर्ट-ब्युटॉक्साइडला इथेनॉल भेटलं की तो त्याचा प्रोटॉन काढून घेतो, स्वतः टर्ट-ब्युटेनॉल होतो आणि मागे इथॉक्साइड सोडतो. ऑक्सिजनवरून ऑक्सिजनवर जाणारा प्रोटॉन फार चपळ असतो, कार्बनवरचा हायड्रोजन निघण्याच्या आत हा व्यवहार केव्हाच पुरा झालेला असतो. आता प्रमाण बघा. १०० मिलिलिटर इथेनॉलमध्ये सुमारे १.७ मोल इथेनॉल असतं आणि तुम्ही बेस घातला असेल ०.१ मोलच्या आसपास. समतोल आधीच इथॉक्साइडच्या बाजूला किमान शंभरपट झुकलेला, त्यात इथेनॉल सतरापट जास्त. टर्ट-ब्युटॉक्साइड उरला तर हजारात एखादा. त्याच्याकडून प्रॉडक्टचं प्रमाण बदलण्याची अपेक्षा कशाला करायची?

म्हणून अल्कॉक्साइड बेस नेहमी त्याच्याच अल्कोहोलमध्ये वापरतात: इथॉक्साइड इथेनॉलमध्ये, मिथॉक्साइड मिथेनॉलमध्ये, टर्ट-ब्युटॉक्साइड टर्ट-ब्युटेनॉलमध्ये. किंवा मग ज्याच्याकडे द्यायला प्रोटॉनच नाही असं टीएचएफसारखं सॉल्व्हंट घ्यायचं. परीक्षेत बेसच्या खाली सॉल्व्हंट लिहायला सांगतात ते शोभेसाठी नसतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. "मोठा बेस बाहेरचा हायड्रोजन निवडतो" हे वाक्य वर्गात सगळेच म्हणतात, मीही म्हणतो, पण त्यात एक गोष्ट झाकली जाते. आकडे घेऊन बसलं की ती उघडी पडते.

तुमचाच रेणू घेऊ. ब्रोमीन ज्या कार्बनवर आहे त्याला दोन मिथाइल आणि एक इथाइल जोडलेलं आहे. इथाइलच्या सीएच२ वरचा हायड्रोजन निघाला तर डबल बाँड आत येतो आणि २-मिथाइल-२-ब्युटीन मिळतं, म्हणजे जास्त सबस्टिट्यूटेड, झायत्सेव्हचं. दोन मिथाइलपैकी एकावरचा निघाला तर डबल बाँड टोकाला येतो आणि २-मिथाइल-१-ब्युटीन मिळतं. आतले हायड्रोजन दोन, बाहेरचे सहा. हा २ आणि ६ चा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत.

या रेणूवर एच. सी. ब्राउन आणि मोरितानी यांनी १९५६ च्या सुमारास जे काम केलं, त्याचे आकडे आजही पाठ्यपुस्तकांत येतात. इथेनॉलमध्ये इथॉक्साइडनं आतलं अल्कीन ७० टक्के आणि बाहेरचं ३० टक्के. टर्ट-ब्युटेनॉलमध्ये टर्ट-ब्युटॉक्साइडनं आतलं २७.५ आणि बाहेरचं ७२.५. त्याहून मोठा, म्हणजे ज्याच्या कार्बनवर तीन इथाइल आहेत तो ट्रायइथाइलकार्बिनॉलचा अल्कॉक्साइड घेतला, तर आतलं ११.५ आणि बाहेरचं ८८.५.

वरवर पाहिलं तर मधल्या आकड्यावरून टर्ट-ब्युटॉक्साइडला बाहेरचा हायड्रोजन आवडतो असंच वाटेल. आता प्रत्येक आकड्याला हायड्रोजनच्या संख्येनं भागा. इथॉक्साइडला ७० भागिले २ म्हणजे ३५, आणि ३० भागिले ६ म्हणजे ५. आतला एक हायड्रोजन बाहेरच्या एकापेक्षा सातपट सहज निघतोय. टर्ट-ब्युटॉक्साइडला २७.५ भागिले २ म्हणजे १३.७५, आणि ७२.५ भागिले ६ म्हणजे सुमारे १२.१. दोघे जवळजवळ बरोबरीत! किंबहुना आतला हायड्रोजन अजूनही अंगुळभर पुढेच आहे.

म्हणजे या रेणूपुरतं बोलायचं तर टर्ट-ब्युटॉक्साइडला बाहेरची ओढ अशी काही नाही. आतल्या हायड्रोजनला जी सातपट सवलत होती ती त्यानं गमावली, एवढंच झालं. सवलत गेल्यावर उरली ती डोकी मोजणं: सहा विरुद्ध दोन, म्हणजे ७५:२५. तुमच्या पुस्तकातलं ७२.५:२७.५ या ७५:२५ च्या किती जवळ आहे बघा. खरी उलटापालट दिसते ती ट्रायइथाइलकार्बिनॉलच्या बेसमध्ये. तिथं ११.५ भागिले २ म्हणजे ५.७५, आणि ८८.५ भागिले ६ म्हणजे १४.७५. इथं मात्र बाहेरचा एकेक हायड्रोजन आतल्यापेक्षा अडीचपट सहज निघतोय. "बेस बाहेरचा हायड्रोजन निवडतो" हे वाक्य खऱ्या अर्थानं या बेसला लागू पडतं.

मग ती सातपट सवलत येते कुठून? अलेक्झांडर झायत्सेव्हनं कझानमध्ये १८७५ साली नियम मांडला तो निरीक्षणावरून: ज्या शेजारी कार्बनवर हायड्रोजन कमी, तिथलाच निघतो. कारण पुढं कळलं. ई२ रिअ‍ॅक्शनमध्ये सगळं एकदमच चालू असतं, म्हणजे बेस हायड्रोजनला ओढतोय, ब्रोमीन सुटतोय आणि दोन कार्बनमध्ये डबल बाँड अर्धामुर्धा बनलाय. हीच ट्रान्झिशन स्टेट. अर्धा डबल बाँड आधीच तयार असेल, तर त्यावरचे जास्तीचे अल्काइल गट जसे पूर्ण अल्कीनला स्थिर करतात तसेच या अर्ध्या अवस्थेलाही करतात. हायड्रोजनेशनच्या उष्णतेवरून पाहिलं तर २-मिथाइल-१-ब्युटीनमधून साधारण ११९ किलोज्यूल प्रति मोल बाहेर पडतात आणि २-मिथाइल-२-ब्युटीनमधून ११३ च्या आसपास. मिळणारं अल्केन दोघांचंही एकच, त्यामुळे आतलं अल्कीन सहाएक किलोज्यूलनं खाली बसलंय असा याचा अर्थ.

आता सातपट वेग म्हणजे ऊर्जेत किती? ७० अंशांना आरटी सुमारे २.८५ किलोज्यूल, सातचा नैसर्गिक लॉगॅरिदम १.९५, गुणाकार साधारण साडेपाच किलोज्यूल. प्रॉडक्टमध्ये सहाचा फरक आणि ट्रान्झिशन स्टेटमध्ये साडेपाचचा. हे दोन आकडे अगदी एकाच मापाचे नाहीत, एक उष्णतेचा आहे आणि दुसरा मुक्त ऊर्जेचा, त्यामुळे बरोबरीचं चिन्ह लावू नका. पण ट्रान्झिशन स्टेटमध्ये डबल बाँड बराच तयार झालेला असतो हे सांगायला एवढं पुरे.

एक गोष्ट इथं विद्यार्थी हमखास गोंधळतात. आतलं अल्कीन स्थिर असतं म्हणून जास्त मिळतं, असं सरसकट लिहितात. पण रिअ‍ॅक्शन संपल्यावर दोन अल्कीनं या बेसमध्ये एकमेकांत बदलत बसत नाहीत. प्रमाण ठरतं ते वेगावर. बदलत बसली असती तर कुठलाही बेस घ्या, शेवटी प्रमाण एकच आलं असतं आणि बेसच्या आकाराला काही अर्थच उरला नसता.

आता मोठ्या बेसनं ही सवलत कशी घालवली ते बघायला कागदावरची आकृती पुरत नाही. लॅबमधला बॉल-अँड-स्टिकचा सेट काढा आणि रेणू जोडा. ई२ साठी हायड्रोजन आणि ब्रोमीन एकमेकांच्या विरुद्ध दिशेला, एकाच पातळीत हवेत. ब्रोमीन खाली करा आणि निघणारा हायड्रोजन वर. बेस वरून येणार.

आधी बाहेरची बाजू. मिथाइलचा कार्बन तुमच्याकडं वळवून धरा. वर निघणारा हायड्रोजन, खाली डावीउजवीकडं त्याच कार्बनचे उरलेले दोन हायड्रोजन. मागच्या कार्बनवर ब्रोमीन खाली, आणि वरच्या अंगाला दोन्ही बाजूंना एकेक गट: एकीकडं मिथाइल, दुसरीकडं इथाइल. इथाइलचं टोक फिरवून लांब नेता येतं, म्हणजे तेही साध्या मिथाइलइतकंच आडवं येतं. आता रेणू सोडवून इथाइलचा सीएच२ पुढं घ्या. मागच्या कार्बनवर पुन्हा दोन गट वरच्या अंगाला, दोन्ही मिथाइल. इथवर दोन्ही बाजू सारख्याच. फरक एवढाच की ज्या कार्बनवरचा हायड्रोजन काढायचा, त्याच कार्बनवर आता एका हायड्रोजनच्या जागी मिथाइल आहे, आणि मागचा मिथाइलही त्याला अगदी चिकटून आहे.

हा एक जास्तीचा मिथाइल, म्हणजे ज्यानं डबल बाँड स्थिर केला तोच, आता वाटेत उभा राहिलाय. इथॉक्साइडचा ऑक्सिजन एका सीएच२ ला जोडलेला असतो. तो सीएच२ फिरवून बाजूला घेता येतो आणि ऑक्सिजन हायड्रोजनपर्यंत सहज पोचतो. टर्ट-ब्युटॉक्साइडच्या ऑक्सिजनमागं तीन मिथाइल आहेत. कसंही फिरवा, एकदोन तरी पुढं येतातच आणि त्या जास्तीच्या मिथाइलवर आपटतात. महाद्वार रोडवर गर्दीच्या दिवशी दुचाकी जिथून निसटते तिथून टेम्पो जात नाही, तसलाच प्रकार. सेटमध्ये दोन्ही बेस जोडून रेणूवर खरंच टेकवून बघा, मग हे पाठ करायची गरज पडणार नाही.

या आपटण्याची किंमत किती? ७०:३० वरून २७.५:७२.५ वर जायला प्रमाण सुमारे सहापट बदलावं लागतं. वरच्याच हिशेबानं ते पाच किलोज्यूलच्या आसपास भरतं. सवलत साडेपाचची आणि अडचण पाचची, म्हणून बरोबरी झाली. बेस आणखी फुगवला की अडचण सवलतीपेक्षा मोठी होते आणि मग पारडं खरंच फिरतं.

हे एकदा डोक्यात बसलं की इतर रेणूंचे आकडेही वाचता येतात, आणि पाठांतरानं लिहिलेलं उत्तर कुठं फसतं ते दिसतं. २-ब्रोमोब्युटेन घ्या. इथॉक्साइडनं १-ब्युटीन १९ टक्के. टर्ट-ब्युटॉक्साइडनं ५३ टक्के. मुलं बिनदिक्कत "१-ब्युटीन मेजर" लिहून पुढं जातात. ५३ टक्के म्हणजे मेजर खरं, पण निम्म्याच्या किंचित वर. उरलेलं ४७ टक्के २-ब्युटीनच, सिस आणि ट्रान्स मिळून. इथं आतले हायड्रोजन दोन, बाहेरचे तीनच. भागाकार केला तर आतला २३.५ आणि बाहेरचा १७.७. म्हणजे सेकंडरी ब्रोमाइडमध्ये अडचण कमी असल्यामुळे टर्ट-ब्युटॉक्साइडलासुद्धा आतलाच हायड्रोजन थोडा सोपा जातो. कारखान्यात कुणी २-ब्रोमोब्युटेन आणि टर्ट-ब्युटॉक्साइड घेऊन शुद्ध १-ब्युटीन बनवायचा प्रस्ताव आणला तर तो तिथल्या तिथं परत पाठवावा लागेल.

उलट २-ब्रोमो-२,३-डायमिथाइलब्युटेनमध्ये आत एकच हायड्रोजन आणि बाहेर सहा. इथॉक्साइडनं आतलं ७९ टक्के, टर्ट-ब्युटॉक्साइडनं २७ टक्के. ब्युटॉक्साइडचा भागाकार तुम्हीच करा. एकेका हायड्रोजनमागे आतला अजूनही दुपटीनं पुढं निघेल. पण बाहेर सहाजण उभे असल्यामुळे एकूण बेरजेत बाहेरचं अल्कीन ७३ टक्के होतं.

आता एक मर्यादा, नाहीतर सगळं आकारावर ढकलून मोकळं व्हाल. टर्ट-ब्युटॉक्साइड इथॉक्साइडपेक्षा मोठा आहे तसाच जास्त तीव्रही आहे. बेस जितका तीव्र तितका हायड्रोजन लवकर ओढला जातो, डबल बाँड कमी बनलेला असतो, आणि मग स्थिर अल्कीनची सवलत आपोआपच घटते. शिवाय टर्ट-ब्युटेनॉलमध्ये पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड सुटा आयन म्हणून फिरत नाही. तो पोटॅशियमला चिकटलेला आणि आपल्या भावंडांशी गुच्छ करून असतो. म्हणजे रेणूवर जे आपटतं ते एका बेसपेक्षा बरंच मोठं. डीएमएसओमध्ये हे गुच्छ बऱ्यापैकी सुटतात. तिथं २-आयोडोब्युटेनवर हाच टर्ट-ब्युटॉक्साइड घातला तर १-ब्युटीन फक्त २१ टक्क्यांच्या आसपास मिळतं, आणि इथॉक्साइडनं १७. आयोडाइड हा लीव्हिंग ग्रुप मुळातच आतल्या अल्कीनकडं झुकवतो, म्हणून हा आकडा ब्रोमाइडच्या ५३ शी थेट ताडू नका. पण त्याच सॉल्व्हंटमध्ये त्याच रेणूवर दोन बेसमधला फरक चारच टक्के राहतो, हे ध्यानात घ्या. टर्ट-ब्युटेनॉलमध्ये पोटॅशियम धरून ठेवणारा क्राउन ईथर घातला तरी १-ब्युटीनचं प्रमाण खाली येतं. तेव्हा "मोठा बेस" हे बेस, त्याचा धातू आणि सॉल्व्हंट अशा तिघांचं मिळून वर्णन आहे असं धरा.

लीव्हिंग ग्रुपचा विषय निघालाच आहे म्हणून एवढंच सांगतो. हॉफमनचं १८५१ पासूनचं काम क्वाटर्नरी अमोनियम हायड्रॉक्साइडवरचं. तिथं बेस छोटासा हायड्रॉक्साइडच, तरी टोकाचं अल्कीन भरघोस मिळतं. तिथली कारणं वेगळी आहेत. टर्ट-ब्युटॉक्साइडनं मिळालेल्या अल्कीनला "हॉफमन प्रॉडक्ट" म्हणायला हरकत नाही, पण दोन्हीकडं एकच यंत्रणा चालते असं लिहू नका.

आता पुन्हा रिअ‍ॅक्शन लावायची तर कशी, ते सांगतो.

पहिलं म्हणजे ती गोठलेली बाटली. टर्ट-ब्युटेनॉल साधारण २५ अंशांना गोठतं, त्यामुळे कोल्हापुरात जानेवारीच्या सकाळी कपाटात दगड होऊन बसणं हा त्याचा दोष नव्हे. उलट ते चांगलं लक्षण आहे. या सॉल्व्हंटचा गोठणबिंदू पाण्यानं फार झपाट्यानं उतरतो. एक टक्का पाणी असलं तरी चारपाच अंश खाली जातो. थंडीतही पातळ राहणारी बाटली असेल तर तीच बाजूला ठेवा, तिनं पाणी पिलेलं असतं. गोठलेल्या बाटलीचं झाकण सैल करून ती ४० अंशांच्या कोमट पाण्यात उभी करा, अर्ध्या तासात काम होतं. बर्नर जवळ आणू नका, हे पेट घेणारं सॉल्व्हंट आहे.

दुसरं, बेसची बाटली. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की टर्ट-ब्युटॉक्साइडचं झाकण चार वेळा उघडलं की वरचा थर गठ्ठ्यांचा होतो. ओलाव्याशी तो हायड्रॉक्साइड आणि टर्ट-ब्युटेनॉल देतो, आणि हायड्रॉक्साइड हा छोटा बेस असल्यामुळे प्रमाण आतल्या अल्कीनकडं सरकतं. तपासायचं कसं? चिमूटभर पावडर कोरड्या टीएचएफमध्ये टाका. चांगला टर्ट-ब्युटॉक्साइड त्यात सुरेख विरघळतो, पोटॅशियम हायड्रॉक्साइड विरघळत नाही. द्रावण गढूळ राहिलं आणि तळाशी पांढरं बसलं, तर ती बाटली या कामाची नाही.

प्रमाण असं घ्या: ब्रोमाइड ७.५ ग्रॅम, म्हणजे ०.०५ मोल. बेस ११.२ ग्रॅम, म्हणजे ०.१ मोल. कोरडं टर्ट-ब्युटेनॉल १०० मिलिलिटर. बेस भरपूर ठेवायचं कारण असं की टर्शरी ब्रोमाइड स्वतःहूनही सुटतो. बेस पातळ असला तर ई१ आणि एसएन१ डोकं वर काढतात, कार्बोकॅटायन बनतो, आणि मग बेसचा आकार काहीही असो, आतलं अल्कीनच जास्त पडतं, जोडीला थोडा ईथरही. बेस आधी पूर्ण विरघळवा, मग ब्रोमाइड घाला. ७०–७५ अंशांच्या पाण्याच्या बाथवर ठेवा, वर छोटा फ्रॅक्शनेटिंग कॉलम, आणि गोळा करायचा फ्लास्क बर्फात बुडवलेला. अल्कीन सगळं मिळून साडेतीन ग्रॅम ही कमाल, प्रत्यक्षात त्याहून कमीच येईल. हे सगळं फ्यूमहूडमध्ये, कुठंही ज्योत न ठेवता.

बर्फावर भर देतोय त्याला कारण आहे. २-मिथाइल-१-ब्युटीन ३१ अंशांना उकळतं आणि २-मिथाइल-२-ब्युटीन साडेअडतीसला. एप्रिलच्या दुपारी आपल्या लॅबमध्ये पंख्याखाली ३५ अंश सहज असतात. तिथं उघड्या टेस्ट ट्यूबमध्ये सॅम्पल ठेवून चहाला गेलात तर जे बाहेरचं अल्कीन मिळवायला एवढा खटाटोप केला, तेच आधी उडून जातं आणि एनएमआरमध्ये आतलं फुगलेलं दिसतं. उलटी चूकही होते: डिस्टिलेशनचे पहिले थेंबच तपासायला दिले तर त्यात ३१ अंशांचं अल्कीन जास्त असतं आणि बाहेरचं प्रमाण खोटं वाढतं. म्हणून सगळं डिस्टिलेट एकत्र गोळा करा, बर्फासारख्या पाण्यानं एकदा धुऊन सोबत आलेलं अल्कोहोल काढा, थोड्या कोरड्या पोटॅशियम कार्बोनेटवर झाकण लावून थंड ठेवा आणि त्यातूनच सॅम्पल घ्या. कार्बोनेट पाणीही ओढतो आणि आम्लाचा अंशही मारतो. आम्ल महत्त्वाचं, कारण त्याच्या स्पर्शानं २-मिथाइल-१-ब्युटीन हळूहळू २-मिथाइल-२-ब्युटीन होऊन बसतं. जुन्या क्लोरोफॉर्म-डी च्या बाटलीतही आम्ल असू शकतं. ट्यूब भरली की त्याच दिवशी स्पेक्ट्रम घ्या, आणि शंका आली तर तासाभरानं तीच ट्यूब पुन्हा लावा. ४.७ चं सिग्नल घटत असेल तर आम्ल आहे हे नक्की.

मोजताना आतल्या अल्कीनचा एकच व्हिनाइल हायड्रोजन ५.२ पीपीएमजवळ दिसतो आणि बाहेरच्या अल्कीनचे दोन ४.७ जवळ. तुम्ही ६८:३२ काढलं त्यावरून दोननं भागणं केलेलं दिसतंय, तरी इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो: समजा ५.२ चं क्षेत्रफळ १.० आणि ४.७ चं ५.२ आलं. सरळ लावलं तर ८४ टक्के बाहेरचं निघेल आणि माणूस खूश होईल. ५.२ ला दोननं भागलं की २.६, आणि २.६ ला १ म्हणजे ७२:२८. कोरडा बेस, कोरडं टर्ट-ब्युटेनॉल आणि थंड रिसीव्हर असेल तर तुम्हाला याच्याच आसपास यायला हवं. गॅस क्रोमॅटोग्राफवर टाकणार असाल तर साध्या नॉनपोलर कॉलमवर आधी ३१ अंशांचं बाहेर येतं, मग साडेअडतीसचं. दोन्ही आयसोमरच असल्यामुळे फ्लेम डिटेक्टरचे क्षेत्रफळ थेट ताडले तरी चालतात, तिथं दोननं भागायचं नाही.

जर्नलमध्ये तो ६८:३२ चा रन खोडू नका. त्याला "इथेनॉलमध्ये पोटॅशियम इथॉक्साइड, जागेवरच तयार झालेला" असं नाव द्या आणि सोडियमच्या रनशेजारी ठेवा. सोडियमच्या जागी पोटॅशियम आल्यानं इथेनॉलमध्ये प्रमाण फारसं हलत नाही, हे त्यातून आयतंच दिसतं. टर्ट-ब्युटेनॉलचा रन झाला की तिसरी ओळ येईल, आणि तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकानं विचारलंच तर प्रत्येक ओळीला २ आणि ६ नं भागून दाखवा.